चारशे औंसांचे दार

लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये एक छोटे संग्रहालय आहे. तिथे जाड पारदर्शक पेटीत सोन्याची एक खरी वीट ठेवलेली असते. पेटीला हात जाईल एवढेच भोक आहे. त्यातून हात घालायचा, वीट धरायची आणि उचलून बघायची. मी गेलो तेव्हा पहिल्या झटक्यात ती जागची हललीच नाही. डोळ्यांना दिसते ती साध्या भाजक्या विटेपेक्षाही लहान वस्तू. वितळवून ओतली तर पाऊण लिटरचे भांडेसुद्धा भरणार नाही. पण वजन साडेबारा किलोच्या आसपास. मनगट आवळून, खांद्यापासून जोर लावावा तेव्हा ती वर येते, आणि थोड्याच वेळात बोटे सैल पडतात.

सोन्याच्या घाऊक बाजारात याच विटेला ‘गुड डिलिव्हरी बार’ म्हणतात. बोलताना सगळे ‘चारशे औंसांची’ म्हणतात, पण नेमकी चारशे औंसांची वीट क्वचितच सापडते. लंडनचा नियम असा की विटेत शुद्ध सोने ३५० ते ४३० ट्रॉय औंस असावे. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड विटेत ८० औंसांचा, अडीच किलो सोन्याचा फरक असू शकतो, आणि तरी दोन्ही ‘चांगल्या’ ठरतात. आपल्या सराफाच्या काट्यावर गुंजभर फरकाने चेहरे बदलतात. तिथे मात्र अडीच किलोची मोकळीक, हे प्रथम वाचले तेव्हा मला चमत्कारिक वाटले होते.

कारण ओतशाळेत सापडते. मोठ्या मुशीतला रस साच्यात ओतताना तो अचूक वजनाला थांबवणे अवघड. ओतल्यावर कातरून, भर घालून वजन जुळवता येते, पण ते कशासाठी करायचे? घाऊक व्यवहारात विटेची किंमत नगावर ठरतच नाही. प्रत्येक वीट तोलली जाते, तिचा टंच काढला जातो, आणि दोन्हींच्या गुणाकारातून निघालेल्या शुद्ध सोन्याचेच पैसे दिले-घेतले जातात. एक उदाहरण घेऊ. काट्यावर वीट ४०१.५४३ औंस भरली. प्रथेप्रमाणे वजन ०.०२५ च्या पटीत, तेही खालच्या अंगाला धरायचे, म्हणून नोंद ४०१.५२५ औंस. विटेवर टंच कोरला आहे ९९५.८, म्हणजे हजार भागांत ९९५.८ भाग सोने. गुणाकार केला की शुद्ध सोने निघते ३९९.८३९ औंस. व्यवहार होतो तो एवढ्याचाच. उरलेले सुमारे ५२ ग्रॅम चांदी-तांब्यासारखे धातू आहेत. ते विटेबरोबर फुकट जातात.

टंचाची किमान अट ९९५ आहे, ९९९.९ नाही, यालाही ओतशाळेतलेच कारण आहे. फ्रान्सिस बोयर मिलर याने ऑस्ट्रेलियात १८६७ मध्ये एका रीतीचे पेटंट घेतले. वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडायचा. चांदी, तांबे, जस्त आधी क्लोरीनशी संयोग पावतात आणि मळीबरोबर किंवा धुराबरोबर बाजूला होतात. ही रीत जलद आणि स्वस्त. पण ९९५-९९६ च्या पुढे ती रेटू लागले की सोनेही वायूबरोबर जाऊ लागते. त्याहून शुद्ध हवे तर विजेच्या कुंडात दिवसन् दिवस ठेवावे लागते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतले सोने रँड रिफायनरीत याच क्लोरीनच्या रीतीने शुद्ध होऊन लंडनला येई. बाजाराने अट तिथेच ठेवली जिथे स्वस्त रीत संपते.

आता आकाराचे. प्रत्येक विटेमागे ठरावीक काम असते. तोलणे, टंचासाठी नमुना काढणे, क्रमांक, वर्ष आणि शुद्ध करणाऱ्याचा शिक्का ठोकणे, वहीत नोंद करणे. वीट लहान असो की मोठी, हे काम तेवढेच. म्हणून वीट जितकी मोठी तितका खर्च कमी. दुसऱ्या बाजूने मर्यादा घालतो तो माणसाचा हात. साडेबारा किलो एकटा माणूस दिवसभर उचलून रचू शकतो, आणि तेवढेच वजन खिशात घालून कोणी सहज बाहेर पडू शकत नाही. विटेच्या बाजू वरून खाली निमुळत्या असतात. त्यामुळे ती साच्यातून सुटी होते आणि रचलेली असताना हातमोज्यातली बोटे तिच्या कडेखाली जातात. या सगळ्या सोयींतून लंडनच्या पेढ्यांमध्ये सुमारे चारशे औंसांची वीट रूढ झाली. कोणत्या शुद्धकर्त्यांचा शिक्का विश्वासाचा, याची यादी बँक ऑफ इंग्लंडने १७५० मध्येच सुरू केली होती, असे लंडनचा बाजार मानतो.

इथवर ही कारागिरांची आणि दलालांची सोय होती. १९२५ मध्ये ती कायद्यात आली, आणि तिचा अर्थच बदलला.

पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये पाच पौंडांची नोट घेऊन बँकेच्या खिडकीवर गेले की पाच सोन्याचे सॉव्हरिन हातात पडत. नोटेवर लिहिलेले वचन शब्दशः खरे होते. युद्धात हा व्यवहार थंडावला. सोन्याची नाणी बँकेत गेली आणि लोकांच्या हाती एक पौंडाच्या आणि दहा शिलिंगांच्या कागदी नोटा आल्या. युद्ध संपल्यावर पौंड पुन्हा सोन्याला जोडायचा, तोही जुन्याच दराने, असा आग्रह सुरू झाला. २८ एप्रिल १९२५ रोजी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात तशी घोषणा केली, आणि मे महिन्यात गोल्ड स्टँडर्ड ॲक्ट झाला.

या कायद्याने बँकेवर जबाबदारी टाकली की मागेल त्याला तिने जुन्याच ठरावीक दराने सोने विकावे. दर होता बावीस कॅरटच्या औंसाला ३ पौंड १७ शिलिंग १०½ पेनी. मात्र नाण्यांच्या रूपात सोने मागायचा हक्क काढून घेतला. सोने मिळेल ते फक्त सुमारे चारशे औंस शुद्ध सोने असलेल्या विटांच्या रूपात. ‘सुमारे’ हा शब्दही कायद्यातलाच. ओतशाळेची ती जुनी मोकळीक कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होती.

त्या दराने शुद्ध सोन्याचा औंस पडे जवळजवळ सव्वाचार पौंडांना. चारशे औंसांचे झाले १,६९९ पौंड. ही रक्कम तेव्हाच्या सामान्य कामगाराच्या दहा वर्षांहून अधिक कमाईएवढी होती. म्हणजे सोने मागण्याचा हक्क कागदावर सर्वांना, पण प्रत्यक्षात तो दुसऱ्या देशाच्या बँकेला, मोठ्या पेढीला, सोने जहाजाने पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला. पूर्वी जी खिडकी पाच पौंडांना उघडत होती ती आता सतराशे पौंडांखाली उघडेना.

ही कल्पना नवी नव्हती. डेव्हिड रिकार्डो याने १८१६ मध्येच सुचवले होते की लोकांच्या हाती कागद असू द्यावा आणि बँकेने सोने द्यायचे ते नाण्यांत नव्हे, लगडीत द्यावे. म्हणजे देशाचे सोने गल्ल्यांत आणि खिशांत अडकून पडणार नाही, आणि परदेशी देणे चुकते करायला ते एके ठिकाणी हाताशी राहील. त्याने लगड सुचवली होती वीस औंसांची. पुढे १८१९ च्या कायद्याने ती साठ औंसांची केली. हा प्रयोग अल्पकाळच टिकला. शंभर वर्षांनी तोच विचार परतला तेव्हा लगड चारशे औंसांची झाली होती. माझ्या मते या एका आकड्यात दोन्ही काळांतले अंतर दिसते. रिकार्डोच्या वीस औंसांना एखादा बेताचा व्यापारीही हात घालू शकला असता. १९२५ च्या विटेला तो हात पोचणार नव्हता, आणि तसाच हेतू होता.

मग ही वीट मुंबईला आली.

ऑगस्ट १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. रुपयाच्या प्रश्नावर दोनच वर्षांपूर्वी ग्रंथ प्रसिद्ध केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्षही या आयोगापुढे झाली. आयोगातले मुंबईचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी रुपयाच्या दरावर वेगळे टिपण जोडले. रुपया सोळा पेन्सांचा असावा, अठराचा नव्हे, हा त्यांचा मुद्दा, आणि पुढची कित्येक वर्षे मुंबईतले राजकारण त्यावर तापत राहिले. या गदारोळात आयोगाची दुसरी शिफारस फारशी चर्चेत राहिली नाही. मला मात्र तीच अधिक बोलकी वाटते. आयोगाने म्हटले की हिंदुस्थानातही लंडनसारखेच करावे. सोने द्यावे, पण चारशे औंसांहून कमी नाही.

त्यानुसार १९२७ चा चलन कायदा झाला. त्यात सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा ठरला. या भावाने सरकार सोने विकत घेणार, आणि त्यासाठी अट होती किमान ४० तोळ्यांच्या लगडीची. उलट कोणी रुपये घेऊन सोने मागायला आले तर किमान मागणी हवी १,०६५ तोळ्यांची. हा आकडा विचित्र दिसतो, पण तोळ्यात मोजलेले हे चारशे औंसच. तोळा म्हणजे औंसाचे पावणेचार दशांश. चारशेला त्याने भागले की १,०६६ आणि वर थोडे येते. कायद्याने दीड-एक तोळा सोडून दिला. त्या भावाने एवढ्या सोन्याची किंमत होई २२,६०० रुपयांच्या आसपास. आणि एवढे रुपये मोजल्यावरही सोनेच द्यायचे की त्याऐवजी लंडनमध्ये मिळणारे पौंड द्यायचे, हे ठरवायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. याच कायद्याने सॉव्हरिनही देण्याघेण्याच्या चलनातून बाद झाला.

सरकारी खिडकीवर सोने आत जायला चाळीस तोळे पुरत. तेच बाहेर काढायला हजारांवर तोळ्यांचे रुपये लागत. एखाद्या नाशिकच्या किंवा सोलापूरच्या सावकाराने चार घरांचे दागिने गाळून चाळीस तोळ्यांची लगड केली असती तर ती सरकारला चालली असती. त्याच सावकाराने पुढच्या महिन्यात चाळीस तोळे परत मागितले असते तर कायद्यात त्याला जागा नव्हती. त्याला झवेरी बाजारातच जावे लागे, बाजारभावाने.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि लंडनच्या कायद्यातली ती चारशे औंसांची खिडकी सहा वर्षांत बंद झाली. पौंड घसरला, त्याच्याशी बांधलेला रुपयाही घसरला, आणि रुपयांत सोन्याचा भाव चढला. शेतमालाचे भाव मंदीत कोसळले होते, सारा आणि कर्जाचे हप्ते मात्र तसेच होते. घराघरांतले सोने बाहेर निघाले. पाटल्या, गोठ, पुतळ्या तालुक्याच्या सराफाकडे, तिथून मुंबईला. मुंबईत ते गाळून लगडी झाल्या, आणि बोटीने लंडनच्या वाटेला लागल्या. पुढच्या काही वर्षांत हिंदुस्थानातून शेकडो कोटी रुपयांचे सोने असे गेले. एकेका दागिन्याने साठवलेली कुटुंबांची पुंजी लंडनच्या शुद्धकर्त्यांच्या मुशीत एकजीव झाली आणि शेवटी याच साडेबारा किलोच्या विटा होऊन तळघरांत जाऊन बसली.

बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरांत आज सुमारे चार लाख विटा आहेत. ऐंशी-ऐंशी विटांची थप्पी, म्हणजे साधारण टनभर वजन. लंडनची जमीन चिकणमातीची, म्हणून थप्प्या फार उंच रचत नाहीत. या विटा सहसा हलत नाहीत. मालक बदलतो तो वहीत. आणि विटेची खरी किंमत या न हलण्यातच आहे. यादीतल्या शुद्धकर्त्याकडून निघालेली, तेव्हापासून मान्य तिजोऱ्यांच्या साखळीतच राहिलेली वीट पुन्हा टंच न काढता स्वीकारली जाते. एकदा ती साखळीबाहेर, कोणाच्या घरी किंवा दुकानी गेली, की शिक्का तोच असला तरी तिला परत शुद्धकर्त्याच्या दारी जावे लागते.

सोन्याच्या बाजारातले दुसरे माप म्हणजे किलो बार. त्याची गोष्ट नेमकी उलटी. तो हिंडण्यासाठीच जन्माला येतो. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सोन्यावर नियंत्रण आले तेव्हा चोरट्या वाटेने कोकणच्या किनाऱ्यावर उतरायचे ते दहा तोळ्यांचे बिस्कीट, ११६.६ ग्रॅमचे. चारशे औंसांच्या विटेचा त्या धंद्याला काही उपयोग नव्हता. १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा गेला, १९९७ पासून नेमलेल्या बँकांना सोने आणायची मोकळीक मिळाली, आणि बाजाराचे माप तोळ्यावरून किलोवर सरकले.

झवेरी बाजारातल्या एका वयस्कर सराफांनी मला एकदा किलो बार हातात दिला होता. मोबाइल फोनएवढा, पण त्याच्याहून चांगलाच जड, कडा गोलसर, वरती ओतीव धातूच्या बारीक लहरी. ते म्हणाले, “मोठी वीट तोलून घ्यायची, हा मोजून घ्यायचा.” दोन्हींतला फरक मला याहून थोडक्यात कोणी सांगितलेला नाही. किलो बार ओतण्याआधी सोन्याचे दाणे अचूक तोलून घेतात आणि तेवढेच साच्यात जातात. वजन १,००० ग्रॅमच्या खाली आलेले चालत नाही. रतीभर जास्त गेले तर ते शुद्धकर्त्याचे नुकसान. सगळे बार सारखे, म्हणून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायला नको. ९९९.९ टंचाच्या किलोत ३२.१४८ औंस सोने, ९९५ टंचाच्या किलोत ३१.९९०. घेणाऱ्याने एवढाच फरक विचारायचा. या अचूकपणाची मजुरी पडते, म्हणून किलो बार औंसामागे मोठ्या विटेपेक्षा थोडा महाग असतो.

मोजून घेण्याच्या या सोयीतच त्याचा धोकाही आहे. मोठी वीट दर व्यवहारात वहीतल्या क्रमांकाने ओळखली जाते. किलो बार मात्र हातोहाती जातो आणि लोक शिक्क्यावर भरवसा ठेवतात. २०१९ मध्ये उघड झाले की नामांकित स्विस शुद्धकर्त्यांचे खोटे शिक्के असलेले हजारभर किलो बार बाजारात, अगदी एका बड्या बँकेच्या तिजोरीपर्यंत पोचले होते. सोने खरे होते, टंचही उत्तम. खोटा होता तो फक्त शिक्का. ज्यांचे सोने यादीतल्या शुद्धकर्त्याने घेतलेच नसते, त्यांना बाजारात शिरायला तो शिक्का हवा होता. ना तराजूने हे कळले ना टंचाने. कळले ते एकच क्रमांक दोन बारांवर सापडला तेव्हा.

ही दोन मापे एकमेकांशी किती घट्ट बांधलेली आहेत हे मार्च २०२० मध्ये दिसले. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात सोने पोचवायचे ते शंभर औंसांच्या बारांत किंवा किलो बारांत. चारशे औंसांची वीट तिथे चालत नव्हती. लंडनमध्ये सोने रग्गड होते, पण सारे विटांत. एरवी या विटा स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातल्या कारखान्यांत जातात आणि किलो होऊन बाहेर पडतात. करोनामुळे २३ मार्चच्या सुमारास तिथले तिन्ही मोठे कारखाने बंद झाले आणि प्रवासी विमाने थांबली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचा वायदा लंडनच्या भावापेक्षा औंसामागे सत्तर डॉलरांनी वर गेला, जिथे एरवी फरक दोन-चार डॉलरांचा असतो. सोने तेच, धातू तोच. कमी पडली ती मूस आणि साचा. शेवटी न्यूयॉर्कच्या बाजाराने घाईघाईने नवा वायदा काढला, ज्यात चारशे औंसांची वीटही देता येईल.

कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा मूळ काम चालू झाले. आपल्या उदाहरणातली वीट घ्या, ४०१.५२५ औंसांची, ९९५.८ टंचाची. मुशीत गेल्यावर तिच्यातले ५२ ग्रॅम परके धातू बाजूला काढले जातात. उरलेल्या १२ किलो ४३६ ग्रॅम शुद्ध सोन्यातून ९९९.९ टंचाचे बारा किलो बार ओतले जातात, बारा नव्या क्रमांकांचे. विटेवरचा जुना क्रमांक लंडनच्या वहीतून जातो. साधारण ४३७ ग्रॅम सोने उरते, ते पुढच्या विटेच्या रसात मिसळते. आणि त्या बारांतले काही, बंद पेटीतून, मुंबईच्या विमानात चढतात.